वारा तोंडावर घेऊन पुढे: शिडाची बोट वाऱ्याच्या दिशेला कशी न्यायची

फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी तीन-साडेतीनला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलात, तर वारा बहुतेक वेळा उजव्या गालावर लागतो. तो वायव्येकडून, मलबार हिलच्या बाजूनं येत असतो. अशा वेळी पाण्यात एखाद-दोन छोटी पांढरी शिडं दिसली आणि ती वारा येतो त्याच दिशेला, राजभवनाच्या टोकाकडे सरकताना दिसली, की शेजारचा कुणीतरी हमखास म्हणतो, "इंजिन असणार आत." इंजिन नसतं. पाच मिनिटं बघत बसलात तर कळतं की ती शिडं सरळ जातच नाहीत. काही वेळ पश्चिमेला, मग एकदम वळून उत्तरेला, पुन्हा पश्चिमेला. घाटातली गाडी वळणं घेत चढ चढते, तसं.

हे वळणं घेत वर चढणं कसं जमतं आणि तुम्ही पहिल्यांदा टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, हातात घ्याल तेव्हा नेमकं काय करायचं, ते इथे सांगतो. उदाहरणाला लेझर घेतली आहे. आता तिचं अधिकृत नाव इल्का आहे, पण क्लबात सगळे अजून लेझरच म्हणतात. लांबी 4.23 मीटर, एक माणूस, एक शीड. मोठ्यांच्या लेझरचं शीड साधारण 7 चौरस मीटरचं असतं. एकच शीड असल्यामुळे काय चुकतंय ते लपत नाही, म्हणून शिकायला ही बोट मला आवडते.

आधी वारा शोधा

वारा कुठून येतोय हे माहीत नसेल तर पुढचं सगळं फुकट. नांगरलेल्या बोटींकडे बघू नका. खाडीत आणि बंदरात त्या बऱ्याचदा वाऱ्याकडे नव्हे, तर भरती-ओहोटीच्या ओढीकडे नाळ करून उभ्या असतात. नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. इमारतीवरचे झेंडे, पाण्यावर उठणाऱ्या बारीक सुरकुत्या आणि तुमचे कान यांच्यावर भरवसा ठेवा. डोकं हळूहळू फिरवा. दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा झाला की तुमचं नाक वाऱ्याच्या दिशेला आहे.

त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण 45-45 अंशांचा एक पट्टा धरा. याला नो-गो झोन म्हणतात. या पट्ट्यात नाळ घातली की शीड झेंड्यासारखं फडफडतं आणि बोट थांबते. कुठलीही शिडाची बोट थेट वाऱ्यात जात नाही. चांगल्या शर्यतीच्या बोटींचा पट्टा थोडा अरुंद असतो, आणि चौकोनी शिडांच्या जुन्या जहाजांचा इतका रुंद असे की ती वाऱ्यापासून साठ-पासष्ट अंश हटूनच चालायची. पण पट्टा प्रत्येकीला असतोच. आपल्याला जायचं असतं ते या पट्ट्याच्या कडेकडेनं, कधी डाव्या कडेनं तर कधी उजव्या. वारा वायव्येचा असेल तर एक कड नेमकी पश्चिमेला पडते आणि दुसरी उत्तरेला. मरीन ड्राइव्हवरून दिसलेली वळणं हीच.

शीड ओढतं कुठे, आणि बोट जाते कुठे

वारा मागून आला की तो शिडाला ढकलतो, हे कुणालाही पटतं. वारा तिरका समोरून येतो तेव्हा प्रकार वेगळा असतो. शिवताना शिडाला मुद्दाम पोट ठेवलेलं असतं. वारा पुढच्या कडेला, म्हणजे लफला, भिडतो आणि त्या पोटाच्या वळणावरून मागे सरकताना आपली दिशा बदलतो. शीड वाऱ्याला वळवतं, म्हणून वारा शिडाला उलट दिशेनं ओढतो. विमानाच्या पंखाचं हेच काम. "शिडाच्या बाहेरच्या बाजूनं हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचावी यासाठी ती पळते" असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. दोन्हीकडची हवा एकाच वेळी मागे पोचायला हवी, असं काही तिच्यावर बंधन नाही.

नवख्याला धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीचा. वाऱ्यावर चढताना शिडाची ही ओढ मुख्यतः आडवी असते. तिचा थोडासा हिस्सा पुढे असतो, आणि त्याच्या तीन-चार पट जोर बोटीला बाजूला लोटत असतो. नुसतं शीड असेल तर बोट खेकड्यासारखी आडवी जाईल.

इथे पाण्याखालचा पंख कामाला येतो. मोठ्या बोटींना कायमची कील असते. ती शिसं किंवा लोखंड घालून जड केलेली असते, म्हणजे बोट कलंडायला लागली की तीच सावरते. लेझरला डॅगरबोर्ड असतो, मधल्या खाचेतून वरून खाली घालायची एक फळी. तिच्यात वजन नसतं. सावरायचं काम तुमच्या देहाचं. कील काय किंवा फळी काय, वाऱ्यावर जाताना दोघींचं काम एकच, आडवं घसरणं अडवणं.

फणसाची ओली आठळी चिमटीत धरून दाबली आहे का कधी? अंगठा एका बाजूनं दाबतो, तर्जनी दुसऱ्या बाजूनं. दोघांपैकी कुणीच तिला पुढे ढकलत नाही, तरी ती सटकन पुढे उडते. शीड म्हणजे अंगठा, फळी म्हणजे तर्जनी, आणि आठळीच्या जागी तुम्ही.

7 चौरस मीटर शिडासमोर अर्धा चौरस मीटरही नसलेली फळी कशी पुरते? पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं, म्हणून. पण एक अट आहे. फळीसुद्धा पंखच आहे. तिला जोर यायचा तर तिच्यावरून पाणी वाहायला हवं, तेही किंचित तिरकं. म्हणून बोट नेहमी नाळेच्या दिशेपेक्षा तीन-चार-पाच अंश वाऱ्याखाली घसरत चालते. याला लीवे म्हणतात. तो दोष नाही, फळीच्या कामाचं ते मोल आहे. मात्र बोटीचा वेग पडला की फळीवरचं पाणी मंदावतं, तिची पकड सुटते आणि लीवे तीन-चारवरून दहा-पंधरावर जातो. सगळा लेख विसरलात तरी एवढं ध्यानात असू द्या: वेग आधी, कोन नंतर. वेग असेल तरच फळी धरते, आणि फळी धरली तरच कोन मिळतो.

पहिल्या वर्षी मी एकदा किनाऱ्यावरून निघालो तो फळी अर्धीच घालून. उथळ पाण्यात ती पूर्ण खाली जात नाही, म्हणून थोडी वर ठेवली आणि नंतर विसरलो. शीड छान भरलं होतं, पाणी दोन्ही बाजूंनी पळत होतं, मी खूश. दहा मिनिटांनी किनाऱ्याकडे पाहिलं तर ज्या पांढऱ्या बंगल्यासमोरून निघालो होतो, तो वाऱ्याच्या बाजूला गेलेला. म्हणजे एवढं सगळं करून मी मागे आलो होतो. याचं निदान सोपं आहे. मागे वळून बोटीनं पाण्यात उमटवलेली रेघ बघा. ती सरळ पाठीमागे न जाता वाऱ्याच्या बाजूला तिरकी जात असेल, तर तुम्ही घसरताय. आधी फळी बघा, मग वेग.

तुमच्या गालावरचा वारा वेगळा

बोट चालू लागली की तुम्हाला लागणारा वारा किनाऱ्यावरचा राहत नाही. बंद हवेतसुद्धा स्कूटर चालवताना तोंडावर वारा लागतो, तोच हिशेब. समजा खरा वारा 10 नॉटचा आहे, बोट त्याला 45 अंश ठेवून 4 नॉटनं चालली आहे. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर. दोन्ही वारे जोडले की बोटीवर बसलेल्याला सुमारे 13 नॉटचा वारा लागतो, आणि तोही 45 अंशांवरून नाही, नाळेपासून अवघ्या 33 अंशांवरून. शिडाला कळतो तो हाच वारा. म्हणून वाऱ्यावर जाताना शीड इतकं आत ओढावं लागतं, आणि म्हणूनच हा प्रवास असतो त्यापेक्षा वेगवान वाटतो. पाणी उडतं, कान वाजतात, आणि चाललेलो असतो सायकलच्याही खालच्या वेगानं.

शीड किती ओढायचं

शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शीड आत-बाहेर करणारी दोरी. पहिल्या दिवशी निम्मी पोरं इथेच गोंधळतात.

शिकताना आधी वाऱ्याला काटकोनात चाला आणि हे करून बघा. शीट सैल सोडत जा. एका क्षणी डोलकाठीलगत शिडाची पुढची कड फुगून थरथरू लागेल. आता हळूहळू ओढा. थरथर जिथे थांबते ती योग्य जागा. त्याहून जास्त ओढलंत तर शीड गप्प राहतं, दिसायला सुबक दिसतं, आणि बोट मंदावते. सैल शीड फडफडून तक्रार करतं, जास्त ओढलेलं शीड तोंडातून ब्र काढत नाही. म्हणून शंका आली की सोडा.

वाऱ्यावर चढताना मात्र हीच गोष्ट उलटी होते. आता शीट ओढून ठेवायची, लेझरमध्ये बूमचं, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याचं, मागचं टोक बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर येईपर्यंत, आणि शीड वाऱ्याला जुळवण्याऐवजी सुकाणूनं बोट वाऱ्याला जुळवायची. दोरी जवळजवळ स्थिर, नाळ सतत जरा वर, जरा खाली. "वर" म्हणजे वाऱ्याकडे, "खाली" म्हणजे वाऱ्यापासून दूर. हे शब्द सगळ्या बोटींवर असेच वापरतात. वारा अगदी हलका, पाच-सहा नॉटचा असेल तर शीट इतकी आवळू नका. बूम वीतभर बाहेर राहू द्या, नाहीतर बोट गुदमरते.

नाळ कुठे ठेवायची हे सांगायला शिडावर पुढच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर तुम्ही बरोबर कडेवर आहात. तुमच्या बाजूचा, म्हणजे वाऱ्याकडचा धागा वर उडून नाचायला लागला, तर तुम्ही फार वर गेलात. टिलर स्वतःकडे थोडा ओढा, नाळ खाली येईल. पलीकडचा धागा लोंबला किंवा गोल फिरू लागला, तर फार खाली आलात. टिलर पलीकडे थोडा ढकला. थोडा म्हणजे दोन-तीन बोटं. टिलर हाताभर हलवणारा माणूस दर वेळी सुकाणूचा ब्रेक लावत असतो.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती हावरेपणाची आहे. जायचं असतं वाऱ्यात, म्हणून नाळ जमेल तितकी वर ठेवायचा मोह होतो. धागा नाचतो, शिडाची पुढची कड थरथरते, पण नाळ ध्येयाकडे बघते आहे याचंच समाधान. तिकडे वेग पडतो, फळी सुटते, आणि बोट दिसते वर जाताना पण जाते आडवी. पाण्याचा आवाज ऐका. नाळेखालचा खळखळाट बारीक झाला की शिडाकडे न बघताही टिलर थोडा स्वतःकडे घ्या.

दुसरी चूक कलंडण्याची. झोत आला, बोट कलली, तर आपल्याला ती पळते आहे असं वाटतं. कललेली फळी पाण्यात तिरकी होते, तिची पकड कमी होते, आणि बोट आपोआप वाऱ्याकडे वळू पाहते. टिलर हातात जड झाला तर समजा की बोट कलली आहे. क्रम असा: आधी पाय बोटीच्या तळातल्या पट्ट्याखाली अडकवून अंग बाहेर टाका, त्यानं भागलं नाही तर वीतभर शीट सोडा, झोत गेला की परत ओढा. टिलरशी कुस्ती खेळू नका.

टॅक मारणं

एका कडेनं पुरेसं गेलात, आता दुसरी कड घ्यायची. नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं म्हणजे टॅक. मधले सुमारे नव्वद अंश शीड काहीच काम करत नाही. बोट निव्वळ साठवलेल्या वेगावर फिरते, आणि साठ किलोच्या आसपासची ही टोपली वेग फार वेळ साठवत नाही. म्हणून वेग नसताना टॅक सुरू करूच नका.

पहिल्यांदा आपल्या वाऱ्याकडच्या खांद्याच्या रेषेत, म्हणजे बोटीला काटकोनात, किनाऱ्यावरची एखादी खूण धरा. टॅक झाल्यावर नाळ साधारण तिथे यायला हवी. त्या बाजूला दुसरी बोट नाही ना, तेही तेव्हाच बघून घ्या. मग धागे सरळ वाहतायत याची खात्री करून टिलर शिडाच्या बाजूला ढकला, सुरुवातीला हळू, मग जरा जोरात. नाळ वर जाईल, शीड फडफडेल. बूम मधोमध येताना शीट हातभर सोडा, डोकं खाली घाला आणि तोंड पुढे ठेवून पलीकडे सरका. लेझरमध्ये नेहमी पुढे तोंड करूनच बाजू बदलायची, टिलरचा हात पाठीमागे राहतो. वेडंवाकडं वाटतं, पण हात लगेच बदलायचा नाही. आधी नव्या बाजूला बसा, टिलर मधोमध आणा, बोट नव्या दिशेला धरा. ती चालू लागली की मग पाठीमागचा टिलर दुसऱ्या हातात घ्या आणि सोडलेली हातभर शीट ओढून घ्या.

हात बदलायची घाई हे टॅक फसण्याचं नेहमीचं कारण. त्या गडबडीत टिलर ढकललेलाच राहतो आणि बोट नव्वदऐवजी एकशेतीस अंश फिरते. वाऱ्यावर कष्टानं कमावलेलं अंतर एका वळणात जातं. दुसरा प्रकार भित्र्या टॅकचा. टिलर अर्धवट ढकलला, नाळ वाऱ्यात आली आणि तिथेच अडकली. शीड फडफडतंय, बोट मागे सरकायला लागली आहे. याला "आयर्न्समध्ये अडकणं" म्हणतात, आणि सगळे अडकतात.

सुटायचं असं. बूम हातानं स्वतःपासून दूर ढकलून धरा आणि टिलरही त्याच बाजूला ढकला. वारा आता शिडाला उलट बाजूनं लागतो आणि बोट मागे जाते. मागे जाताना सुकाणू उलटं काम करतं, म्हणून नाळ बूमच्या बाजूला पडते. वारा तुमच्या बाजूनं तिरका येऊ लागला की बूम सोडा, टिलर ओढून मधोमध घ्या, शीट ओढा. दोन्ही ढकल, मग दोन्ही ओढ. किनाऱ्यावर वाळूत उभी केलेल्या बोटीत दहा वेळा करून बघा. पाण्यात घाबरलेल्या डोक्याला डावं-उजवं सुचत नाही, हातांना सुचतं.

आपल्याकडच्या जुन्या गलबतांवर हा सोहळा निराळा असे. तिथे शीड एका लांब तिरक्या परभाणाला बांधलेलं, आणि बाजू बदलायची तर ते अख्खं परभाण डोलकाठीपलीकडे न्यावं लागे. नाळ वाऱ्यातून काढताना हे करणं जिकिरीचं, म्हणून अशा बोटी बहुधा उलट्या बाजूनं, वारा पाठीवर घेऊन वळत. वळणाला पाणी जास्त लागे आणि चढलेलं थोडं हातचं जाई, पण परभाण सुखरूप राही.

एक नियम टॅकिंगबरोबरच शिकून घ्यावा लागतो. समोरासमोर दोन शिडाच्या बोटी आल्या आणि वारा दोघींना वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल, तर ज्या बोटीला तो डावीकडून लागतो, म्हणजे जी पोर्ट टॅकवर आहे, तिनं वाट द्यायची. उजवीकडून वारा घेणारा "स्टारबोर्ड!" असं ओरडतो. तो रागानं ओरडत नसतो, आठवण करून देत असतो.

नरिमन पॉइंट ते राजभवन, कागदावर

आता सुरुवातीच्या शिडांकडे येऊ. हे गणित कागदावर करायचं आहे. पहिल्या महिन्यात बचाव-बोट आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणी बॅकबेच्या तोंडाशी जाऊ नये. मलबार पॉइंटचा किनारा खडकाळ आहे, म्हणून आपला बोया, म्हणजे गाठायची तरंगती खूण, त्या टोकापासून अलीकडे, खोल पाण्यात धरू. नरिमन पॉइंटसमोरून तो वायव्येला 3 किलोमीटर आहे असं समजा. वारा वायव्येचा, 10 नॉट. म्हणजे बोया बरोबर वाऱ्यात.

45 अंशांवर, 4 नॉटनं, 4 अंश लीवे धरून चाललात तर पाण्यावरचा खरा मार्ग वाऱ्यापासून 49 अंश पडतो. 3 किलोमीटर वर जायला सुमारे 4.6 किलोमीटर कापावे लागतात आणि 37 मिनिटं लागतात. आता हावरा माणूस घ्या. त्यानं नाळ 35 अंशांवर ठेवली. त्याचा वेग अडीच नॉटवर आला आणि लीवे 8 झाला असं धरा. त्याचं अंतर 4.1 किलोमीटरच आहे, पण वेळ 53 मिनिटं. तिसरा माणूस भित्रा, 60 अंशांवर मजेत पळतोय, वेग 4.8 नॉट, लीवे 3. त्याला साडेसहा किलोमीटरच्या वर जावं लागतं आणि पाऊण तास लागतो. हावऱ्यापेक्षा भित्रा आधी पोचला, हे लक्षात घ्या. चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुका.

37 मिनिटांचे दोन सारखे भाग पडतात, अठरा-एकोणीस मिनिटं पश्चिमेकडे आणि तेवढीच उत्तरेकडे. क्रम तुमच्या हातात आहे. दोनच लांब पल्ले केले तर टॅक एकच मारावा लागेल, आणि दर टॅकला नवशिक्याची तीन-चार बोटींइतकी लांबी सहज जाते. पण मग तुम्ही कोपऱ्यात जाऊन बसता. तिथे गेल्यावर वारा दहा अंश फिरला तर आधी चाललेलं अंतर वाया जातं. मी इथे सहा पल्ले करीन. सुरुवात पश्चिमेला, आठ मिनिटं. कारण उत्तरेला मरीन ड्राइव्हच्या कडेनं आत शिरलात की मलबार हिल आणि तिच्यावरच्या टॉवरांची वाऱ्यातली सावली लागते. तिथे वारा पडतो, मग एकदम भलत्याच दिशेनं थप्पड मारतो. अशी सावली अडथळ्याच्या उंचीच्या कित्येक पट लांब पसरते. बाहेर, मोकळ्या समुद्राच्या बाजूला वारा एकसारखा असतो.

पश्चिमेच्या पल्ल्यात एक अडचण आहे, नाळेसमोर क्षितिजाशिवाय काही नाही. वारा फिरला हे कळणार कसं? होकायंत्र नसेल तर मागे नरिमन पॉइंटच्या इमारती बघा. निघताना त्यातली जी तुमच्या सुकाणूच्या रेषेत होती ती रेषेतून हळूहळू सरकणारच, कारण तुम्ही घसरताय. पण धागे सरळ ठेवून चालतानाही ती भराभर सरकली, तर वारा फिरला. वारा पश्चिमेकडे दहा अंश सरकला तर तुमची नाळ बोयापासून दूर, डावीकडे ढकलली जाते. तेव्हा घड्याळ विसरा आणि लगेच टॅक मारा. कारण त्याच फरकानं उत्तरेचा पल्ला आता बोयाकडे दहा अंश जास्त झुकला आहे. वारा उत्तरेकडे सरकला तर उलट, पश्चिमेचा पल्ला फायद्याचा झाला, त्याच्यावर टिकून राहा.

शेवटचा टॅक कधी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पश्चिमेला चालताना बोया उजव्या खांद्याच्या बरोबर रेषेत आला की हात शिवशिवतात. थांबा. लीवेमुळे टॅकनंतरचा खरा मार्ग काटकोनापेक्षा थोडा खाली पडणार आहे. बोया खांद्याच्या रेषेच्या किंचित मागे जाऊ द्या, मनात वीस मोजा, मग टिलर ढकला. घाई केलीत तर बोयाच्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये नाळ वर वर ताणत जाल, वेग पडेल, आणि ओहोटीची ओढ असेल तर बोया डोळ्यांसमोरून वर निघून जाईल. मग दोन टॅक जादा.

बोया उजवीकडे ठेवून पार केलात की टिलर स्वतःकडे ओढा, शीट सैल सोडत जा आणि पाठीवर वारा घ्या. फळी अर्धी वर काढा, आता अडवायला आडवं काही उरलं नाही. गालावरचा तेरा नॉटचा वारा सहावर येतो, कानातला आवाज बंद होतो, आणि अर्ध्या मिनिटात उकडायला लागतं.